हिरडीखालचं कीटण: ते का बसतं, कसं काढतात आणि नंतरच्या दिवसांत काय जाणवतं

हिरडीखालची सफाई केल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाचा फोन आला, की तक्रार काय असणार याचा मला साधारण अंदाज असतो. “डॉक्टर, आधी मला काहीच त्रास नव्हता. तुम्ही साफ केल्यापासून थंड पाण्याने सणक जाते, दातांमध्ये फटी पडल्यात आणि एक दात तर हलल्यासारखा वाटतोय.” या तिन्ही तक्रारी खऱ्या असतात. त्या का होतात हे समजायचं तर आधी त्या मुळावर काय बसलं होतं आणि ते कसं काढलं, हे कळायला हवं. म्हणून एकच दाढ घेऊ आणि तिच्यासोबत शेवटपर्यंत जाऊ.

रुग्ण ४८ वर्षांच्या बाई. तंबाखू नाही, मधुमेह नाही. ब्रश करताना वर्षभर रक्त येत होतं, दुखत मात्र काही नव्हतं. हिरडीचा आजार बहुतेक वेळा न दुखताच वाढतो. दाढ खालची, उजवीकडची, पहिली मोठी. ही दोन मुळांची असते.

कीटण बसतं कसं

स्वच्छ घासलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा चढतो आणि काही तासांत त्यावर जिवाणू वस्तीला येतात. हा झाला प्लाक. तो मऊ असतो, नखाने खरवडला तरी निघतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं, कारण आम्लाने झिजलेलं इनॅमल ते भरून काढतं. हे क्षार वाटेल तिथे गोठू नयेत म्हणून लाळेत त्यांना आवरून धरणारी प्रथिनंही असतात.

प्लाकच्या आत मात्र हा तोल बिघडतो. तिथले काही जिवाणू लाळेतल्या युरियापासून अमोनिया बनवतात आणि आम्लता कमी होते. लाळग्रंथीच्या नळीतून ताजी लाळ तोंडात येते तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यानेही आम्लता कमी होते. आम्लता उतरली की क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे स्फटिक धरतात. सुरुवात प्लाकच्या सगळ्यात आतल्या, दाताला चिकटलेल्या थरात होते. काही ठिकाणी पहिल्या एक-दोन दिवसांतच कण धरतात आणि साधारण दहा-बारा दिवसांत ब्रशला न जुमानणारा थर तयार होतो. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कीटण सगळ्यात जास्त साचतं ते यामुळेच. काही जणांचं कीटण भराभर धरतं, काहींचं सावकाश. यात लाळेचा गुण मोठा असतो, आळशीपणाचा शिक्का मारायची घाई करू नये.

हे झालं हिरडीच्या वरचं, पिवळट, तुलनेने ठिसूळ कीटण. हिरडीखालचं वेगळं. तिथे लाळ फारशी पोहोचत नाही. सुजलेल्या हिरडीतून दात आणि हिरडी यांच्या फटीत एक द्रव झिरपत असतो आणि तिथे क्षार येतात ते त्या द्रवातून. सूज जितकी जास्त तितका द्रव जास्त. म्हणजे हे कीटण आधी आजाराचं फळ असतं आणि मग आजार टिकवून धरणारं बूड बनतं. रक्तातल्या रंगद्रव्यांमुळे ते काळपट तपकिरी किंवा हिरवट काळं दिसतं. त्यात क्षारांचं प्रमाण वरच्यापेक्षा जास्त, म्हणून ते कठीण असतं. मुळावरचं आवरण, ज्याला सिमेंटम म्हणतात, ते सूक्ष्म खड्ड्यांचं असतं. कीटण त्या खड्ड्यांत शिरूनच धरतं, त्यामुळे नुसतं चिकटलेलं नाही तर रुतलेलं असतं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना उलटी माहीत असते. हिरडीला त्रास देतो तो दगड नव्हे, त्या दगडाच्या खरखरीत अंगावर सतत वाढणारा जिवंत प्लाकचा थर. १९७३ मध्ये माकडांवर झालेल्या एका अभ्यासात जिवाणूनाशकाने निर्जंतुक ठेवलेल्या कीटणालाच हिरडीच्या पेशी चिकटलेल्या आढळल्या होत्या. तरीही दगड काढावाच लागतो, कारण तो असेपर्यंत त्याच्यावरचा थर कुणालाच नीट काढता येत नाही, ना घरी ना दवाखान्यात. ‘टार्टर कंट्रोल’ लिहिलेली टूथपेस्ट नवीन कीटण धरायचा वेग थोडा कमी करते, तोही हिरडीच्या वर. हिरडीखाली तिचा काहीही उपयोग नाही.

आधी मोजणी

निरोगी दाताभोवती हिरडीची फट १ ते ३ मि.मी. खोल असते. ती ४ मि.मी. किंवा त्याहून खोल झाली आणि टोचल्यावर रक्त आलं, की आम्ही तिला खिसा किंवा पॉकेट म्हणतो. मोजायला मि.मी.च्या खुणा असलेली बोथट सळई वापरतात, तिला प्रोब म्हणतात. हात अगदी हलका हवा, जोर साधारण २० ते २५ ग्रॅम वजनाइतका. स्वतःच्या नखाखाली प्रोब टेकवून बघितला तर दुखू नये, इतपत. एका दाताभोवती सहा जागी मोजतात: तीन गालाकडून, तीन जिभेकडून.

आपल्या दाढेची नोंद अशी होती. गालाकडून पुढचा कोपरा ४, मध्ये ३, मागचा कोपरा ५. जिभेकडून पुढचा कोपरा ५, मध्ये ३, मागचा कोपरा ६. चारही कोपऱ्यांतून रक्त आलं. हिरडीची कड दाताचा मुकुट आणि मूळ जिथे जुळतात त्या सांध्यावरच होती, म्हणून ६ मि.मी. खिसा याचा अर्थ तिथे दाताची हिरडीशी असलेली पकड सरळ ६ मि.मी. खाली गेली होती. हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

एक्स-रेमध्ये दोन दातांच्या मधलं कीटण काट्यासारखं बाहेर आलेलं दिसतं, पण गालाकडचं आणि जिभेकडचं दाताच्याच सावलीत लपतं. “एक्स-रेमध्ये काही नाही” म्हणजे मुळावर काही नाही, असं होत नाही. एक्स-रे घ्यायचा तो मुख्यतः हाड किती उरलंय ते बघायला.

प्रत्यक्ष सफाई, टप्प्याटप्प्याने

खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, हृदयाची झडप बदललेली आहे का किंवा झडपेला पूर्वी संसर्ग झालाय का, मधुमेह कितपत आटोक्यात आहे, आणि कशाची ॲलर्जी आहे का. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करून येऊ नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत धरलेली गुठळी तशी थांबवता येत नाही. कृत्रिम झडपवाल्यांना सफाईच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, तो त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरतो.

*भूल.* एका बैठकीत सहसा अर्धं तोंड घेतात, म्हणजे उजवीकडचं वर-खाली किंवा डावीकडचं. खालच्या मोठ्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या भागात मज्जातंतूजवळ इंजेक्शन देतात. त्याने अर्धा ओठ आणि बहुधा अर्धी जीभही बधिर होते. भुलीच्या औषधात थोडं ॲड्रेनलिन असतं, म्हणून काहींच्या छातीत मिनिटभर धडधड होते. ती आपोआप बसते, पण सांगून टाकावी.

*चाचपणी.* कीटण दिसत नाही, ते बोटांना कळतं. तारेसारखी बारीक लवचीक सळई पेनासारखी अगदी सैल धरून मुळावरून वर-खाली फिरवायची. स्वच्छ मुळावरून ती गुळगुळीत घसरते. कीटण आलं की टोक अडखळतं, उडी मारतं किंवा वाळू घासल्यासारखी खरखर बोटात येते. हात घट्ट आवळला तर यातलं काहीच कळत नाही. शिकताना मला हे उमगायला कितीतरी महिने लागले. आपल्या दाढेच्या जिभेकडच्या मागच्या कोपऱ्यात हिरडीच्या कडेपासून ४ मि.मी. खाली एक स्पष्ट कंगोरा लागत होता, कड्यासारखा मुळाला वळसा घातलेला.

*अल्ट्रासॉनिक.* हिरडीखाली जाणारं याचं टोक बारीक असतं आणि सेकंदाला पंचवीस हजार ते चाळीस-बेचाळीस हजार वेळा थरथरतं. सोबत पाण्याचा फवारा असतो. तो टोक थंड ठेवतो आणि खिशातली घाण धुऊन बाहेर काढतो. काम टोकाच्या कडेने करायचं असतं, अणकुचीने नाही. अणकुची मुळावर टेकवली तर चरे पडतात आणि भूल असूनही रुग्ण दचकतो. टोक मुळाला जवळजवळ समांतर ठेवून, हलक्या हाताने, एकमेकांवर चढणाऱ्या छोट्या फेऱ्या मारत खिशाच्या तळापर्यंत जायचं. जोर वाढवला तर थरथर दबते आणि काम कमी होतं, जास्त नाही. टोक झिजून २ मि.मी. आखूड झालं की त्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. यंत्र मग आवाज तेवढाच करतं, कीटण मात्र जागेवर राहतं.

*हाताचं हत्यार.* उरलेलं क्युरेटने काढतात. क्युरेट म्हणजे चमच्यासारखं वळलेलं, गोल पाठीचं, धारदार पातं. ग्रेसी प्रकारच्या क्युरेटमध्ये प्रत्येक जागेसाठी वेगळा आकार असतो. दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२ क्रमांकाचं आणि मागच्या बाजूला १३/१४ क्रमांकाचं. प्रत्येक पात्याची एकच कड कामाची असते. कोन हा इथला सगळा खेळ आहे. आत जाताना पात्याचा सपाट भाग मुळाला जवळजवळ चिकटलेला, म्हणजे मिटलेला ठेवायचा. तळाशी मऊ अडथळा लागला की थांबायचं आणि पातं उघडायचं, मुळाशी साधारण ७० ते ८० अंश. त्याच हाताचं एक बोट शेजारच्या दातावर घट्ट टेकलेलं हवं. मग कीटणाच्या खालच्या काठाखाली कड बसवून, दाब देऊन, २-३ मि.मी.चा आखूड झटका वरच्या दिशेने.

तुकडा अख्खा निघायला हवा. कोन ४५ अंशांपेक्षा कमी असेल किंवा धार बोथट असेल तर पातं कीटणावरून घसरतं आणि त्याचा वरचा पापुद्राच तासतं. दोन-चार वेळा तसं झालं की कीटण घासून गुळगुळीत होतं आणि सळईला स्वच्छ मुळासारखंच लागतं. यापेक्षा न काढलेलं कीटण परवडलं, निदान ते सापडतं तरी. म्हणून कामाच्या मध्येच पातं प्लास्टिकच्या कांडीवर टेकवून बघायचं. धार असेल तर ते रुततं, नसेल तर घसरतं. घसरलं की काम थांबवून धार लावायची.

*रूट प्लेनिंग.* कीटण निघाल्यावर मूळ काचेसारखं होईपर्यंत तासायचं, अशी पूर्वी शिकवण होती. जिवाणूंचं विष सिमेंटममध्ये खोल मुरलेलं असतं, म्हणून तो थरच काढून टाकावा, अशी समजूत होती. पुढे दिसून आलं की हे विष पृष्ठभागावर सैलसर बसलेलं असतं आणि हलक्या सफाईनेही निघतं. त्यामुळे आता कीटण आणि प्लाक निघाला, सळई गुळगुळीत फिरली, की थांबायचं. नाव जुनं चालू आहे, हात मात्र आखडता घ्यायचा. दाताच्या मानेशी सिमेंटमचा थर मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा इतका पातळ असतो. तो उगाच काढला की खालचं डेंटिन उघडं पडतं. पहिली तक्रार, थंडाची सणक, काही अंशी तिथून येते.

*शेवट.* खिसा पाण्याने धुऊन, पुन्हा एकदा सळईने चाचपून, हिरडी ओल्या गॉझने दोन-तीन मिनिटं मुळावर दाबून धरायची. आत साचणारी रक्ताची गुठळी जितकी पातळ, तितकी हिरडी मुळाशी लवकर बसते.

या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. खिसा जसा खोल होत जातो, तसं कीटण मागे राहण्याची शक्यता वाढते. ५-६ मि.मी.च्या पलीकडे तर कसलेल्या हातानेही काही ना काही राहतं. दाढेची मुळं जिथे फुटतात तो दुभंग तर आणखी अवघड, कारण त्याचं तोंड पुष्कळदा पाऊण मि.मी.पेक्षाही अरुंद असतं आणि क्युरेटचं पातं त्याहून रुंद. तिथे बारीक अल्ट्रासॉनिक टोक जाऊ शकतं, क्युरेट नाही. उलट ३ मि.मी.च्या आतल्या निरोगी फटीत क्युरेट घालणं नुकसानीचं, कारण चांगली पकडच सुटते. म्हणून मोजणी न करता सरसकट ‘डीप क्लीनिंग’ सुचवलं जात असेल तर आकडे दाखवायला सांगा.

नंतरचे दिवस

*पहिले काही तास.* खालच्या जबड्याची भूल दोन ते चार तास टिकते. तोवर चावून खाऊ नका, बधिर ओठ किंवा गाल दाताखाली आला तरी कळत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालत असेल तर पहिली मात्रा भूल उतरण्याच्या आधीच घ्या. प्रौढांना ५०० ते १००० मि.ग्रॅ., दोन मात्रांत सहा तासांचं अंतर आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. दुखण्यासाठी म्हणून ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, त्याने रक्त जास्त झिरपतं.

*पहिला-दुसरा दिवस.* थुंकी गुलाबी येते, तोंडात लोखंडासारखी चव राहते. हिरड्या हुळहुळतात, विशेषतः तिखट, आंबट आणि गरम लागलं की. जबडा बराच वेळ उघडा ठेवल्याने आणि इंजेक्शनच्या जागेमुळे तोंड पूर्ण उघडायला जड जातं. कोमट पाण्यात मीठ घालून हळुवार खळखळा, जोराने चूळ भरू नका. त्या रात्रीपुरतं सफाई केलेल्या बाजूला अगदी हलक्या हाताने ब्रश करा आणि दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने नेहमीसारखा. दातांच्या फटीतले छोटे ब्रश दोन-तीन दिवसांनी, हुळहुळणं ओसरलं की सुरू करा. रक्ताच्या भीतीने ब्रश बंद ठेवणारे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात, आणि बऱ्या होण्याच्या काळात नवा प्लाक बसू देणं ही चूक सगळ्यात महाग पडते.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सगळ्यांना लागत नाही. दिलाच तर एक-दोन आठवड्यांपुरता. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव काही काळ बिघडते. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश आणि माउथवॉश यांत अर्धा तास जाऊ द्या.

*तिसऱ्या दिवसापासून पुढे.* दुखणं उतरतं आणि सणक पुढे येते. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड लागलं की तो द्रव हलतो आणि आतली नस चाळवते. इतके दिवस कीटणाने आणि फुगलेल्या हिरडीने त्या भागावर पांघरूण घातलेलं होतं. आता ते गेलं. ही सणक क्षणभर येते आणि थंड दूर झालं की जाते. बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत कमी होते, कारण लाळेतले क्षारच त्या नळ्यांची तोंडं बुजवत जातात. ज्या कॅल्शियम-फॉस्फेटने कीटण घडवलं तेच इथे मदतीला येतं. पण नळ्यांवर प्लाक बसला तर त्यातलं आम्ल त्या पुन्हा उघडतं, म्हणून दुखतं म्हणून न घासलेला दात जास्त दिवस शिवशिवत राहतो. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मदत करते, मात्र परिणाम दिसायला दोनेक आठवडे रोज वापरावी लागते. रात्री तिचा थोडासा थर दाताच्या मानेशी बोटाने लावून, न खळखळता झोपलं तर बऱ्याच जणांना फरक पडतो.

दुसरी तक्रार फटींची. दातांमधली जागा कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली होती. कीटण गेलं आणि सूज उतरून हिरडी आक्रसली, की हाडाबरोबर आधीच गेलेली जागा उघडी दिसते. सफाईने फट ‘पाडली’ नाही, ती दाखवली. जीभ मात्र पहिले आठ-दहा दिवस सारखी तिथेच जाते. पुढच्या दातांत काळे त्रिकोण दिसणार असतील तर ते डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. नंतर सांगितलेलं कारण रुग्णाला सबबच वाटतं आणि त्यात रुग्णाची चूक नाही.

तिसरी तक्रार हलण्याची. खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाचा अखंड पूल असेल तर तो दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो. पूल तुटला की आधीपासून सैल असलेले दात सैल जाणवतात. शिवाय ताज्या कामाने दाताभोवतीचे तंतू थोडे दिवस सुजलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली की दात बऱ्याच अंशी घट्ट होतात. हाडच फार गेलं असेल तर मात्र हलणं पूर्ण जात नाही.

*कधी थांबू नये.* दुखणं रोज थोडं कमी होत जायला हवं. तिसऱ्या दिवसानंतर ते वाढत असेल, ठसठसत असेल, हिरडीवर गोळा आला असेल, पू किंवा ताप असेल, तर फोनवर धीर घेऊ नका, दाखवायला जा. हे गळू असू शकतं. खिशाच्या तळाशी कीटणाचा तुकडा राहतो, वरची हिरडी मात्र बरी होऊन मुळाला घट्ट बसते आणि आतली घाण बाहेर यायची वाट बंद होते. गॉझ १५-२० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा सणक थंड दूर केल्यावरही मिनिट-मिनिट रेंगाळत असेल आणि रात्री झोपेतून उठवत असेल, तरीही जा. शेवटचं लक्षण हिरडीचं नसून दाताच्या नसेचं असतं आणि त्याचा उपचार वेगळा.

आठ आठवड्यांनी

मुळाजवळची हिरडीची कातडी एक-दोन आठवड्यांत पुन्हा चिकटते, पण तिच्याखालचे तंतू पक्के व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे चार आठवड्यांच्या आत प्रोब घालायचा नाही, नवी पकडच उसवते. मी सहा ते आठ आठवडे थांबतो.

बाई आठव्या आठवड्यात आल्या. सणक गेली होती, ब्रश करताना रक्त थांबलं होतं. मोजणी: गालाकडून ३, २, ३ आणि जिभेकडून ३, २, ५. पाच जागा कोरड्या, जिभेकडच्या मागच्या कोपऱ्यातून मात्र थेंबभर रक्त. घरची सफाई चोख होती, शेजारच्या जागा बऱ्या झाल्या होत्या, म्हणजे दोष त्या एकाच ठिकाणी. सळई फिरवली तर गुळगुळीत. पण हिरडी १ मि.मी. खाली सरकली होती आणि वाऱ्याचा हलका झोत मारल्यावर कडेखाली मुळावर एक काळसर रेघ दिसली. माझ्याच क्युरेटने घासून गुळगुळीत केलेलं कीटण होतं ते. त्या दिवशी तिथे पोहोचेपर्यंत पात्याची धार गेली असणार.

“बाई, एवढी एक जागा माझ्याकडून राहिली. पुन्हा करावी लागेल,” मी म्हणालो.

“परत सगळं?”

“नाही, एकच कोपरा. पंधरा मिनिटं.”

गुळगुळीत झालेल्या कीटणावर पातं पुन्हा घसरतं, म्हणून आधी बारीक अल्ट्रासॉनिक टोकाने त्याचं अंग फोडलं. मग नव्याने धार लावलेलं क्युरेट वरून न आणता कीटणाच्या बाजूच्या काठाखाली घातलं. तिसऱ्या झटक्याला तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा बाहेर आला.

पुढच्या आठ आठवड्यांनी तिथे ४ मि.मी. मोजलं गेलं, रक्त नाही. आता तो सुरुवातीचा हिशेब. ६ चे ४ झाले, म्हणजे खिसा २ मि.मी.ने उथळ झाला. त्यातला १ मि.मी. हिरडी खाली सरकल्यामुळे गेला. पकड सांध्यापासून ६ मि.मी. खाली होती, ती आता ५ मि.मी.वर आली, म्हणजे १ मि.मी. पकड खरी परत मिळाली. गेलेलं हाड या उपचाराने सहसा परत येत नाही, हे बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

४ मि.मी. आणि कोरडा, एवढ्यावर शस्त्रक्रिया सुचवायचं कारण नव्हतं. खिशातले जिवाणू काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पुन्हा जम बसवू लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवली. मागच्या कोपऱ्यासाठी फटीतला ब्रश एक आकार मोठा दिला, कारण आधीचा तिथे सैल फिरत होता.